पाच हजार सातशे अडतीस छात्या आणि एक वजाबाकी

आजच्या व्याख्यानात आपण एक जुनं कोष्टक उघडणार आहोत. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले याने १८४६ साली संभाव्यतेवरच्या पत्रांचं एक पुस्तक छापलं. त्यात ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेराचं कोष्टक आहे. मूळ मापं एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात १८१७ साली आली होती. ती उतरवून बेरजा करताना केटलेच्या हातून काही चुका झाल्या, हे पुढे इतिहासकारांनी दाखवलं. आज मात्र आपण त्याचं कोष्टक जसं आहे तसंच घेऊ, कारण आपला प्रश्न वेगळा आहे.

कोष्टक इंचाइंचाचं आहे. ३३ इंचाचे ३ सैनिक, ३४ चे १८, असं करत ३९ चे १,०७३, ४० चे १,०७९, आणि शेवटी ४८ इंचाचा एकच. ४० हा गृहीतमध्य धरून, शाळेत शिकलो त्याच पद्धतीने आपण गणित केलं. मध्य आला ३९.८३ इंच. प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, आलं ४.२०.

आता समजा, हे कोष्टक आपल्या हाती इतकं बारीक आलंच नाही. जागा वाचवायला कुणीतरी चार-चार इंचांचे वर्ग केले. मग चारच ओळी उरतात: ३३ ते ३६ मध्ये २८७ सैनिक, ३७ ते ४० मध्ये ३,३२१, ४१ ते ४४ मध्ये २,०५४ आणि ४५ ते ४८ मध्ये ७६. वर्गमध्य अनुक्रमे ३४.५, ३८.५, ४२.५ आणि ४६.५. प्रत्येक सैनिकाची छाती म्हणजे त्याच्या वर्गाचा मध्य, असं मानून पुन्हा गणित करू. मध्य येतो ३९.८४. म्हणजे फरक इंचाच्या शंभराव्या भागाएवढाही नाही! पण प्रचरण येतं ५.५९. कुठे ४.२० आणि कुठे ५.५९?

इथे जरा थांबू या, कारण बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. आपल्याला वाटतं, वर्गातली सगळी माणसं एकाच बिंदूवर आणून बसवली, तर वर्गाच्या आतला विखार नाहीसा झाला. मग प्रचरण कमी व्हायला हवं. ते वाढलं कसं?

उत्तर आपल्याच कोष्टकात आहे. पहिल्या वर्गातल्या २८७ सैनिकांची खरी सरासरी काढली तर ती येते ३५.५६. आपण मात्र त्यांना ३४.५ वर बसवलं. शेवटच्या वर्गातल्या ७६ जणांची खरी सरासरी ४५.४२, आणि आपण त्यांना बसवलं ४६.५ वर. बघा, दोन्हीकडे आपण माणसांना बाहेर ढकललंय. कारण सरळ आहे. गर्दी चाळीसच्या आसपास आहे, त्यामुळे प्रत्येक वर्गात मधल्या बाजूला माणसं जास्त आणि कडेच्या बाजूला कमी. मधल्या दोन वर्गांचंही तेच: खऱ्या सरासऱ्या ३८.८५ आणि ४१.८१, आणि वर्गमध्य ३८.५ आणि ४२.५.

मध्य का बिघडला नाही, तेही यातूनच कळतं. डावीकडच्या दोन वर्गांत आपण सगळे मिळून १,४५५ इंच कमी मोजले आणि उजवीकडच्या दोन वर्गांत १,४८९ इंच जास्त. उरले ३४ इंच, आणि तेही ५,७३८ जणांत वाटले गेले. मध्यात डावी चूक उजवीला खाऊन टाकते. प्रचरणात मात्र अंतराचा वर्ग होतो, तिथे डावं-उजवं उरत नाही, आणि दोन्ही चुका एकमेकींत मिळतात.

हा हिशेब नेमका मांडला विल्यम फ्लीटवुड शेपर्ड याने, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात, १८९८ साली. वर्गाच्या आतला विखार हरवल्यामुळे प्रचरण जवळपास वर्गांतराचा वर्ग भागिले १२ इतकं घटतं. पण माणसं बाहेर ढकलल्यामुळे ते त्याच्या दुप्पट वाढतं. गोळाबेरीज अशी, की गटवारीतून काढलेलं प्रचरण एक-बारांश वर्गाने जास्त येतं, तेवढं वजा करायचं. यालाच शेपर्डची दुरुस्ती म्हणतात. मध्याला दुरुस्ती लागत नाही.

आपल्या आकड्यांवर लावून बघू. चार इंचांच्या वर्गांत वजा करायचे १६ भागिले १२, म्हणजे १.३३. मग ५.५९ चे होतात ४.२५. दोन-दोन इंचांचे वर्ग केले तर प्रचरण येतं ४.४७, आणि ०.३३ वजा केल्यावर ४.१४. मूळ एक इंचाचं कोष्टकही शेवटी गटवारीच आहे, त्यातून ०.०८ गेले की ४.१२. म्हणजे दुरुस्तीआधी ४.२०, ४.४७, ५.५९ असे फाकलेले आकडे दुरुस्तीनंतर ४.१२, ४.१४, ४.२५ असे जवळ येतात.

यात काय अडलं होतं, असं कुणी विचारेल. समजा, गणवेश शिवणाऱ्याकडे फक्त चार ओळींतून काढलेले मध्य आणि प्रमाण विचलन आहेत, आणि केटलेसारखा प्रसामान्य वक्र धरून त्याला सांगायचंय, की साडेचव्वेचाळीस इंचांपुढचे कोट किती लागतील. दुरुस्तीशिवाय तो सांगेल सुमारे १४०. दुरुस्ती करून सांगेल ६८ च्या आसपास. कोष्टकात प्रत्यक्ष माणसं आहेत ७६. पहिल्या हिशेबात जवळजवळ निम्मे कोट पडून राहिले असते.

पण ही दुरुस्ती डोळे मिटून लावायची नाही. ती दोन गोष्टी गृहीत धरते: वर्ग सारख्या रुंदीचे आहेत, आणि वितरण दोन्ही टोकांना हळूहळू निमुळतं होत शून्याला टेकतं. छातीच्या मापांचं तसं आहे. अर्भकमृत्यूंचं वयानुसार कोष्टक घ्या: पहिल्याच दिवसांत गर्दी सगळ्यात जास्त, आणि तिथेच वितरण कापल्यासारखं सुरू होतं. तिथे डावी-उजवी चूक फिटत नाही, म्हणून मध्यही बिघडतो आणि वजाबाकीही चुकते. शेवटचा वर्ग ‘इतके आणि त्याहून जास्त’ असा उघडा असेल, तर त्याला वर्गमध्यच नसतो.

आणखी एक चूक आहे, ती शेपर्डही सुधारू शकत नाही. वय ‘पूर्ण झालेली वर्षं’ म्हणून लिहिलं असेल, तर ३० लिहिलेला माणूस ३० ते ३१ च्या मध्ये कुठेही असतो. त्याचा वर्गमध्य साडेतीस. तो ३० धरला तर मध्य सरळ अर्ध्या वर्षाने घसरतो. प्रचरण जसंच्या तसं राहतं, म्हणून शंकाही येत नाही. आपल्या चार इंचांच्या वर्गांनी मध्याची जी चूक केली, तिच्या कितीतरी पट ही मोठी.

मग जुनं कोष्टक हाती आलं तर? आधी माप कसं नोंदवलं ते शोधायचं. मग शेजारचे वर्ग दोन-दोन जोडून सगळं गणित पुन्हा करायचं. दुरुस्तीनंतरची उत्तरं जवळ राहिली, तर वर्ग पुरेसे बारीक होते. ती फाकली, तर त्या कोष्टकातलं प्रचरण फार दशांश स्थळांपर्यंत लिहू नये.