सास्तूरचा भूकंप, सामूहिक सरण आणि नीतिशास्त्रातले दोन रस्ते

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन उरकून गावं झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हलली आणि जाडजूड दगड-मातीच्या भिंती, वरच्या माळवदाच्या मातीसकट झोपलेल्या माणसांवर आल्या. लातूरकडे किल्लारी आणि धाराशिवकडे सास्तूर ही नावं त्या दिवसापासून देशाला माहीत झाली. सरकारी आकड्यानुसार मृत ७,९२८. इतर अंदाज दहा हजारांच्या आसपास जातात.

त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत एक प्रश्न गावोगावी उभा राहिला. नीतिशास्त्र म्हणजे काय हे ज्यांना अजिबात माहीत नाही, त्यांनी सुरुवात करायला हा प्रश्न चांगला आहे, कारण तो पुस्तकात बसून रचलेला नाही.

प्रश्न असा. समजा, तुम्ही अशाच एका गावात पाठवलेले नायब तहसीलदार आहात. ढिगाऱ्यातून मृतदेह निघत आहेत. काही देहांजवळ ओळख सांगायला कुणीच उरलेलं नाही, कारण अख्खं घर गेलंय. पुण्या-मुंबईला, सोलापूरला कामाला असलेली भावंडं, मुलं निघाली आहेत, पण ती उद्या पोचतील की परवा, कुणालाच सांगता येत नाही. पाऊस पडतोय. सुकं लाकूड कमी आहे. आणि आजूबाजूला सगळे एकच सांगताहेत: प्रेतं लवकर जाळा, नाहीतर रोगराई पसरेल.

ओळख न पटलेले देह एकाच सरणावर ठेवून आज दहन करायचं, की नातेवाईक येईपर्यंत थांबायचं?

१९९३ मध्ये या भागात सामूहिक दहन झालं. एका सरणावर अनेक देह ठेवल्याच्या बातम्या आणि छायाचित्रं तेव्हा जगभर गेली.

हिशेब मांडणारा रस्ता

पहिल्या विचाराला मराठीत उपयुक्ततावाद म्हणतात. इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये तो पद्धतशीर मांडला, पुढे जॉन स्टुअर्ट मिलने त्याला सुधारलं. गाभा सोपा आहे. कृती बरोबर की चूक हे तिच्या परिणामांवरून ठरतं. ज्या पर्यायातून सगळ्यांचं मिळून दुःख सर्वांत कमी आणि सुख सर्वांत जास्त होईल, तो निवडायचा. त्यात प्रत्येक माणूस एकच मोजायचा. ना कमी, ना जास्त.

हा रस्ता धरणारा अधिकारी म्हणेल: जे गेले त्यांना आता दुखणार नाही. जे उरलेत, ते तंबूत आहेत, भिजलेले आहेत, त्यात लहान मुलं आहेत. साथ आली तर आणखी माणसं जातील. नातेवाइकांना शेवटचं तोंड पाहायला मिळणार नाही, हे दुःख मोठं आहे, पण जीव जाण्यापेक्षा छोटं आहे. म्हणून आजच दहन.

ऐकायला कठोर वाटतं. पण बेंथमने हे स्वतःलाही लावलं होतं. १८३२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या देहाचं वैद्यकीय शिक्षणासाठी विच्छेदन झालं. नंतर त्याच्या सांगाड्याला त्याचेच कपडे चढवून, मेणाचं डोकं बसवून तो ठेवला गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तो आजही पाहता येतो. मेलेल्या शरीराचा जिवंतांना काय उपयोग, हा प्रश्न त्याला अपमानकारक वाटतच नव्हता.

आधी देणं बघणारा रस्ता

दुसरा विचार कर्तव्यवादाचा. त्याचं सर्वांत मोठं नाव जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट, आणि मुख्य पुस्तक १७८५ चं. कांटचं म्हणणं, माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. प्रत्येक माणूस स्वतःच एक साध्य आहे. काही गोष्टी आपण माणसांना देणं लागतो, आणि बेरीज फायद्याची निघते म्हणून ते देणं बुडवता येत नाही.

इथे नवशिक्याला एक रास्त शंका येते. मृतदेह म्हणजे काही विचार करणारा माणूस नव्हे, मग त्याचं देणं कसलं? याचं उत्तर दोन भागांत आहे. एक, देणं त्या जिवंत माणसाचं लागतं जो परवापर्यंत या गावात होता. १७९७ च्या आपल्या ग्रंथात कांटने मेलेल्या माणसाच्या चांगल्या नावाचा हक्क मृत्यूनंतरही टिकतो असं मांडलं आहे. मेलेल्याची खोटी बदनामी करणं चूक आहे, जरी त्याला ती ऐकू येणार नसली तरी. नाव टिकतं, तर ते नाव पुसलं जाऊ नये ही अपेक्षाही त्याच वाटेने पुढे जाते. दोन, देणं त्या पोराचं लागतं जो मुंबईहून एसटीने निघालाय आणि ज्याला आपली आई कोणत्या सरणावर गेली हे विचारायचंय. त्याला न विचारता, त्याच्यासाठी काही खूण न ठेवता तो प्रश्न कायमचा बंद करणं म्हणजे त्याला गर्दीतला एक आकडा समजणं.

म्हणून हा अधिकारी म्हणेल: थांबा. निदान प्रत्येक देहाची नोंद झाल्याशिवाय सरण पेटणार नाही.

पण साथ खरंच येते का?

बहुतेक पुस्तकं इथपर्यंत येतात आणि तुम्हाला काय वाटतं असं विचारून थांबतात. सास्तूरच्या प्रश्नात मात्र आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. हिशेबातला मुख्य आकडाच चुकीचा होता.

भूकंपात माणसं भिंतीखाली चिरडून, गुदमरून मरतात, साथीच्या आजाराने नव्हे. अशा देहांमुळे साथ पसरत नाही. शरीर मेल्यावर बहुतेक रोगजंतू फार काळ तग धरत नाहीत. साथ पसरवण्याची शक्यता वाचलेल्या, दाटीवाटीने राहणाऱ्या आणि घाण पाणी पिणाऱ्या माणसांकडून जास्त असते. देह पिण्याच्या पाण्यात पडला असेल तर जुलाबाचा धोका आहे, पण त्याचा उपाय पाणी शुद्ध करणं हा आहे. प्रेताचा वास भयंकर असतो, त्यामुळे भीती खरी वाटते. वास येणं आणि रोग होणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. जागतिक आरोग्य संघटना, रेड क्रॉस आणि इतरांनी २००६ मध्ये आपत्तीतल्या मृतदेहांसाठी जी पुस्तिका काढली, तिने हे स्पष्ट लिहिलं आणि घाईच्या सामूहिक दहन-दफनाला विरोध केला. १९९३ मध्ये चिखलात उभ्या असलेल्या माणसांच्या हातात ती पुस्तिका नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं.

ती पुस्तिका काय करायला सांगते? प्रत्येक देहाला एकच वेगळा क्रमांक द्या. चेहऱ्याचा आणि पूर्ण देहाचा फोटो लवकर काढा, कारण उष्ण हवेत १२ ते ४८ तासांत चेहरा ओळखू येईनासा होतो. कुठे सापडला, अंगावर काय होतं, हे लिहून घ्या. शीतगृह नसेल तर सुमारे दीड मीटर खोल चरात, एकाच थरात, क्रमांकासह तात्पुरतं पुरा. नातेवाईक आले की देह बाहेर काढून देता येतो. जाळलेलं मात्र परत येत नाही.

आता हिशेब पुन्हा मांडू, यावेळी उपयुक्ततावादाच्याच पद्धतीने. समजा २०० देह आहेत आणि एका नोंदीला १० मिनिटं लागतात. एकूण २,००० मिनिटं. दोघा-दोघांच्या पाच जोड्या लावल्या तर प्रत्येकीला ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात तासांपेक्षा थोडं कमी. अर्थात ढिगाऱ्याखाली कुणी जिवंत असण्याची आशा असेपर्यंत या दहा माणसांनी आधी तिथेच राबायला हवं. यावर बेंथम आणि कांट दोघेही भांडणार नाहीत. त्यानंतरचे हे सात तास मात्र परवडणारे आहेत.

आणि नोंद न केल्याचा खर्च? तो भावनेपुरता नाही. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार, ज्याची सात वर्षं काहीच खबर नाही त्याला मृत मानता येत असे. देहाची ओळख नाही, साक्ष द्यायला शेजारी उरले नाहीत, तर बाहेरगावी असलेल्या वारसाचं काय होईल याचा विचार करा. मदतीची रक्कम, सातबाऱ्यावरचं नाव, विधवेचा पुनर्विवाह, सगळं एका कागदावर अडू शकतं. पहिल्या हिशेबात यातलं काहीच धरलं नव्हतं. ते धरलं की दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी येतात: नोंद करा, मग अंत्यविधी.

मग फरक उरला कुठे?

फरक कळतो तो वस्तुस्थिती बदलल्यावर. समजा मृत्यू भूकंपाने नव्हे, पटकीने किंवा इबोलाने झाले आहेत. इथे देह हाताळण्याचा धोका खरा आहे. उपयुक्ततावादी लगेच पलटेल आणि त्याला पलटण्यात काही वावगं वाटणार नाही. त्याचा नियम पहिल्यापासून परिणामांना बांधलेला आहे.

कर्तव्यवादी परिणाम पाहतच नाही, असा एक गैरसमज सोशल मीडियावरच्या वादांत हमखास दिसतो. तो पाहतो. जिवंतांचा जीव धोक्यात न घालणं हेही त्याच्या लेखी कर्तव्यच आहे, आणि दोन कारणं एकमेकांसमोर आली तर जास्त बळकट कारण जिंकतं असं कांटही म्हणतो. त्यामुळे तोही कदाचित बंद पिशवीतल्या अंत्यसंस्काराला तयार होईल. पण त्याच्यासाठी नातेवाइकांचं देणं संपलेलं नसेल. दुरून दर्शन, नाव, अस्थी, घरच्यांना खरं सांगणं, यातलं जे जे शक्य आहे ते त्याला द्यावंच लागेल. उपयुक्ततावादीही हे देईल, मात्र त्यातून कुणाला दिलासा मिळणार असेल तरच. ज्याचं मागे कुणीच नाही अशा बेवारस देहापाशी दोघांची वाट वेगळी होते. तिथे दुखावणारं कुणी नाही, वारस नाही, बातमी होणार नाही. कर्तव्यवादी तरीही क्रमांक लिहील. कृतीगणिक हिशेब करणाऱ्या उपयुक्ततावाद्याला ते का लिहायचं हे सांगायला कारण शोधावं लागेल. त्यांच्यातलेच काही जण नियमाचा हिशेब करतात, प्रत्येक वेळचा नाही. ते म्हणतील की बेवारसांचीही नोंद ठेवणारी यंत्रणाच संकटात विश्वासार्ह राहते. उत्तर चांगलं आहे, पण त्या देहापर्यंत ते जरा वळसा घेऊन पोचतं.

कोविडच्या काळात हाच प्रश्न मुंबईत कोर्टात गेला. वांद्र्याच्या कब्रस्तानात कोविडने मरण पावलेल्यांचं दफन नको, शेजारी संसर्ग पसरेल, अशी याचिका होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ती फेटाळली. कारणं दोन दिली गेली. मृतदेहातून कोविड पसरतो याला शास्त्रीय पुरावा नाही, हे एक. आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे दुसरं. पहिलं कारण बेंथमला पटलं असतं, दुसरं कांटला. न्यायालयाला दोन्हींची गरज भासली.