काठावरचा आकडा

रक्ततपासणीचा कागद हातात आला की आपण सगळे आधी काय पाहतो? डाव्या बाजूला आपला आकडा, उजव्या बाजूला 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' ही मर्यादा. आकडा त्या दोन टोकांच्या मध्ये बसला की आपण कागदाची घडी करतो आणि एस.टी. पकडतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र ही घडी जरा उशिरा करावी. मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर असलेला आकडा माणसाला निर्धास्त करतो आणि त्याच वेळी त्याच्या पायातल्या नसा आत झिजत असतात. असं का होतं हे कळायला थोडं मागं जावं लागेल, आणि सुरुवात करायला आपली मुंबईच बरी.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत. यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे विल्सबाईंनी दाखवलं आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे समजलं. त्याच सुमारास अमेरिकेत अगदी असाच दिसणारा दुसरा पांडुरोग डॉक्टर कच्चं यकृत खाऊ घालून बरा करत होते. यकृतातला तो घटक १९४८ मध्ये वेगळा काढता आला. तेच बी-१२, शास्त्रीय नाव कोबालामिन.

दोन्ही रोगांत रक्त सारखंच दिसे, आणि इथेच घोटाळा झाला. १९४०च्या दशकात कृत्रिम फॉलिक ॲसिड मिळू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी ते दुसऱ्या रोगाच्या माणसांनाही दिलं. रक्त सुधारलं, चेहऱ्यावर लाली आली. पण काहींच्या पायांतली ताकद आणखी गेली, तोल जाऊ लागला. फॉलिक ॲसिडने रक्ताची बाजू सावरली होती, मज्जातंतूंची नाही. ते काम बी-१२ शिवाय होत नाही. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली की रक्ताची लाली पाहून नसांचा हवाला देता येत नाही. १९८८ मध्ये न्यूयॉर्कचे जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२च्या अभावाने मज्जासंस्थेचे किंवा मनाचे विकार झालेले १४१ रुग्ण तपासले. त्यांतल्या ४० जणांत ना पांडुरोग होता, ना मोठ्या पेशी.

मग रक्तातलं बी-१२ थेट मोजलं की झालं, असं कुणीही म्हणेल. मोजतातही. पण त्या आकड्यात एक गोम आहे. रक्तातल्या एकूण बी-१२ पैकी तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग अशा एका प्रथिनाला चिकटलेला असतो की तो बहुतेक पेशींच्या कामी येत नाही. उरलेला थोडा भाग दुसऱ्या प्रथिनावर बसून पेशीत जातो आणि काम करतो. हजेरीपटावर शंभर नावं असावीत आणि प्रत्यक्ष कामावर वीसच माणसं जावीत, तसा हा प्रकार. नेहमीची तपासणी हजेरीपट मोजते. आकडा फारच कमी असला तर शंका राहत नाही, भरपूर असला तरी सहसा राहत नाही. अडचण मधल्या पट्ट्याची आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात एका मिलिलिटरमागे १८० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता मानली आहे, ३५०च्या वर तिची शक्यता कमी धरली आहे आणि मधला सगळा पट्टा अनिर्णित ठेवला आहे. आपल्याकडच्या पुष्कळ प्रयोगशाळा कागदावर दोनशेच्या आसपासची खालची मर्यादा छापतात. म्हणजे २२०, २५०, २८० हे आकडे कागदावर 'ठीक' ठरतात आणि प्रत्यक्षात ते काहीच सांगत नसतात.

या पट्ट्यात हजेरीपट बाजूला ठेवून काम पाहावं लागतं. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला हे समजवायला साखर कारखाना पुरे. गाळप नीट चाललंय की नाही हे कारखान्यात न शिरताही कळतं. फाटकाबाहेर ऊसगाड्यांची रांग किती लांब आहे ते बघायचं. शरीरात बी-१२ दोनच ठिकाणी राबतं. एका ठिकाणी काम अडलं की मिथिलमॅलोनिक ॲसिड नावाचा पदार्थ साचतो. दुसऱ्या ठिकाणी अडलं की होमोसिस्टीन साचतं. या दोन रांगा रक्तात मोजता येतात. पहिल्या रांगेचा सुगावा १९६२ मध्ये कॉक्स आणि व्हाइट या संशोधकांना लागला. बी-१२ कमी असलेल्यांच्या लघवीत हे ॲसिड त्यांना जास्त सापडलं.

दोन्ही रांगांत फरक आहे, आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. होमोसिस्टीनच्या ठिकाणी बी-१२ आणि फोलेट दोघं मिळून राबतात. त्यामुळे फोलेट कमी पडलं तरी होमोसिस्टीन वाढतं. उलट, रक्तवाढीच्या गोळ्यांतून फॉलिक ॲसिड भरपूर जात असेल तर बी-१२ कमी असूनही ही रांग थोडी आखूड दिसू शकते. मिथिलमॅलोनिक ॲसिडच्या ठिकाणी फोलेटचा संबंध नाही. म्हणून तिथली रांग लांबली तर बोट बी-१२कडेच जातं. एकच अपवाद मोठा आहे, तो मूत्रपिंडाचा. मूत्रपिंड मंदावलं की दोन्ही पदार्थ बाहेर पडत नाहीत आणि बी-१२ पुरेसं असूनही वाढलेले दिसतात. त्यासाठी क्रिएटिनिन सोबत पाहिल्याशिवाय निकाल वाचू नये.

या दोन मोजण्यांनी महाराष्ट्राला आरसा दाखवला तो २००१ मध्ये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सम व त्यांचे सहकारी यांनी पुण्यातल्या २७ ते ५५ वयाच्या २०४ स्त्री-पुरुषांचं रक्त तपासलं. एकूण बी-१२ची पातळी पाहिली तर ४७ टक्के लोक कमतरतेत होते. त्यांनी धरलेली मर्यादा आपल्या कागदावरच्या मापात साधारण २०० पिकोग्रॅम होते. पण ७७ टक्क्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं आणि ७३ टक्क्यांचं मिथिलमॅलोनिक ॲसिड. फोलेटची कमतरता मात्र विरळा होती, म्हणजे दोष फोलेटवर ढकलायची सोय नव्हती. सत्तेचाळीस आणि पंचाहत्तर यांच्यामधली ती माणसं पाहा. त्यांचा हजेरीपट ठीक होता, रांग मात्र लांब होती.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ही लक्षणं शाकाहारींत होती, तशी मांसाहारींतही होती. बी-१२ मिळतं ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून. आमच्या मोहल्ल्यात समजूत अशी की आपण मटण खाणारे, आपल्याला हा आजार कुठला? पण मोलमजुरी करणाऱ्या घरात मटण आठवड्यातून एकदा शिजतं आणि आठ माणसांत वाटलं जातं. म्हाताऱ्यांच्या ताटात बहुतेक रस्साच येतो. डॉक्टरांच्या फॉर्मवर मात्र 'मांसाहारी' या रकान्यात बरोबरची खूण होते.

माझ्या मामूंचं असंच झालं. बेंबळीतच राहतात, निवृत्त शिक्षक, वय एकोणसत्तर. मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिनची गोळी चालू. ही गोळी दीर्घकाळ घेतली की बी-१२चं शोषण कमी होऊ शकतं. तळव्यांना मुंग्या येत, चालताना चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नसे. हिमोग्लोबिन १३.१, पेशींचा आकारही नेहमीचा. बी-१२ निघालं २४२, आणि कागदावर खालची मर्यादा २११. घरच्यांनी सगळं साखरेच्या माथी मारलं. मामू म्हणाले, "उमर झाली, आता काय!" धाराशिवच्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत ताकदीचं इंजेक्शन घेतलंय का?" प्रश्न नेमका होता. आपल्याकडच्या त्या ताकदीच्या सुईत बहुधा बी-१२च असतं. ती घेतली की रक्तातला आकडा वर जातो, रांगा ओसरतात, आणि मूळ दुखणं किती होतं ते मागाहून कळत नाही. मामूंनी घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी आधी नमुना घेतला, मग औषध.

निकाल असा होता: होमोसिस्टीन ३४, मिथिलमॅलोनिक ॲसिड ०.८८. दोन्ही एका लिटरमागे मायक्रोमोलमध्ये. प्रयोगशाळेची वरची मर्यादा अनुक्रमे १५ आणि ०.४०. क्रिएटिनिन ०.९, म्हणजे मूत्रपिंडाची सबब नाही. दोन्ही रांगा दुपटीहून लांब होत्या. २४२चा अर्थ आता लागला. मेटफॉर्मिन बंद केली नाही. सुरुवातीला बी-१२ची इंजेक्शनं आणि पुढे रोजची गोळी दिली. दोन महिन्यांनी होमोसिस्टीन १३ आणि ॲसिड ०.२४ वर आलं. हा उतारही एक पुरावाच असतो. बी-१२ देऊन रांग ओसरली, म्हणजे ती बी-१२साठीच लागली होती. मुंग्या कमी व्हायला त्याहून जास्त वेळ लागला आणि अंगठ्याजवळची बधिरता अजून आहे. काही झीज मधुमेहाची असेल, काही उशिराची. नसा भरून यायला वेळ लागतो, आणि उशीर फार झाला तर त्या पूर्ण भरून येतही नाहीत.

गावाकडच्या माणसाने एक अडचण जाणून घ्यावी. होमोसिस्टीनचं रक्त काढल्यावर लगेच बर्फावर ठेवावं लागतं आणि तासाभरात फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात. नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात, तासाला साधारण दहा टक्क्यांनी आकडा फुगतो. खेड्यात काढलेली नळी उन्हातून मोटारसायकलवर शहरात गेली तर निरोगी माणसाचाही आकडा वाढलेला येईल. म्हणून हे रक्त जिथे लगेच फिरवलं जातं तिथेच जाऊन द्यावं. मिथिलमॅलोनिक ॲसिडला ही घाई नाही, ते टिकतं. पण त्याची मोजणी महागड्या यंत्रावर होते, नमुना मोठ्या शहरात जातो, निकालाला दिवस लागतात आणि पैसेही जास्त पडतात. त्यामुळे ही तपासणी प्रत्येकाला करायची नाही. आकडा शंभरावर आला तर तिची गरज नाही, सहाशेवर आला तरी सहसा नाही. चालताना तोल जाण्याइतकी लक्षणं असतील तर डॉक्टर नमुना घेतात आणि निकालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. तिचं खरं काम आहे ते मधल्या पट्ट्यातल्या माणसाकडे, ज्याच्या पायांत मुंग्या आहेत आणि ज्याच्या कागदावर एकही आकडा जाड अक्षरात छापलेला नाही.