दिनदर्शिका चौदाच : आजच्या वर्षाशी जुळणारे पुढचे वर्ष कसे शोधावे

भारत स्वतंत्र झाला तो १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस शुक्रवार होता. २०२५ मध्येही १५ ऑगस्ट शुक्रवारीच आला. एवढेच नव्हे, तर १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत या दोन्ही वर्षांतील प्रत्येक तारखेचा वार एकच होता. १९४७ ची जुनी दिनदर्शिका २०२५ मध्ये भिंतीवर टांगली असती, तर तारीख आणि वार यांपुरती ती अचूक ठरली असती. अशी जुळणी दिसली की तिच्यामागे काही गूढ संकेत असावा, असे अनेकांना वाटते. वस्तुतः १९४७ नंतर १९५८, १९६९, १९७५, १९८६, १९९७, २००३ आणि २०१४ या वर्षांतही हीच दिनदर्शिका लागू होती. २०२५ ही तिची आठवी पुनरावृत्ती होती, आणि नववी २०३१ मध्ये येईल. ग्रेगोरियन पद्धतीत तारीख आणि वार यांची मांडणी केवळ चौदा प्रकारांनीच होऊ शकते, हे या पुनरावृत्तीचे कारण आहे.

चौदा ही संख्या कोठून येते

सामान्य वर्षात ३६५ दिवस असतात. त्यांना सातने भागले असता ५२ पूर्ण आठवडे होतात आणि एक दिवस शिल्लक राहतो. या एका दिवसामुळे सामान्य वर्ष ज्या वारी सुरू होते त्याच वारी संपते, आणि पुढचे वर्ष एका वाराने पुढे सरकून सुरू होते. २०२६ ची सुरुवात गुरुवारी झाली, म्हणून २०२७ ची सुरुवात शुक्रवारी होते. लीप वर्षात ३६६ दिवस असल्याने दोन दिवस शिल्लक राहतात आणि पुढचे वर्ष दोन वारांनी पुढे जाते. २०२८ शनिवारी सुरू होते, परंतु ते लीप वर्ष असल्याने २०२९ ची सुरुवात रविवारी न होता सोमवारी होते.

वर्षातील महिन्यांचा क्रम आणि त्यांचे दिवस ठरलेले आहेत. बदलते ते फक्त फेब्रुवारीचे दिवस, २८ किंवा २९. त्यामुळे १ जानेवारीचा वार कोणता आणि वर्ष लीप आहे की नाही, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की संपूर्ण वर्षाची दिनदर्शिका निश्चित होते. १ जानेवारीला सातांपैकी कोणताही वार येऊ शकतो. त्यामुळे सामान्य वर्षांच्या सात आणि लीप वर्षांच्या सात, अशा एकूण चौदा मांडण्या होतात. पंधरावी मांडणी होण्यासाठी आठवा वार किंवा फेब्रुवारीची तिसरी लांबी हवी, आणि ते या पद्धतीत संभवत नाही.

पुढचे जुळणारे वर्ष : एक उदाहरण

२०२६ ची दिनदर्शिका पुन्हा केव्हा उपयोगी पडेल, हे पाहण्यासाठी १ जानेवारीचा वार एकेक वर्ष पुढे नेत जावे. २०२६ मध्ये तो गुरुवार आहे. २०२७ मध्ये शुक्रवार आणि २०२८ मध्ये शनिवार येतो. २०२८ लीप वर्ष असल्याने २०२९ मध्ये सोमवार येतो. त्यानंतर २०३० मध्ये मंगळवार, २०३१ मध्ये बुधवार आणि २०३२ मध्ये पुन्हा गुरुवार येतो.

नेमकी येथेच फसगत होते. २०३२ ची सुरुवात गुरुवारी होत असली, तरी ते लीप वर्ष आहे. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या २८ तारखेपर्यंतचे वार २०२६ शी जुळतात, परंतु २९ फेब्रुवारीनंतर सर्व वार एकाने पुढे जातात. २०२६ मध्ये १ मार्च रविवारी येतो, तर २०३२ मध्ये सोमवारी. म्हणून शोध पुढे चालू ठेवावा लागतो. २०३३ मध्ये शनिवार, २०३४ मध्ये रविवार, २०३५ मध्ये सोमवार आणि २०३६ मध्ये मंगळवार येतो. २०३६ लीप असल्याने २०३७ ची सुरुवात थेट गुरुवारी होते, आणि २०३७ सामान्य वर्ष आहे. म्हणजे २०२६ ची दिनदर्शिका अकरा वर्षांनी, २०३७ मध्ये, पुन्हा लागू होईल. दोन्ही वर्षांत प्रजासत्ताक दिन सोमवारी, महाराष्ट्र दिन शुक्रवारी, स्वातंत्र्य दिन शनिवारी आणि गांधी जयंती शुक्रवारी येते.

दोन वर्षे खरोखर जुळतात की नाही, याची खात्री करण्यासाठी १ जानेवारी आणि १ मार्च या दोनच तारखांचे वार पाहणे पुरेसे असते. दोन्ही जुळले, तर संपूर्ण वर्ष जुळते.

भागाकारातून मिळणारा नियम

प्रत्येक वेळी वार मोजत जाण्याची आवश्यकता नाही. वर्षाला चारने भागून बाकी काय उरते ते पाहिले की उत्तर लगेच मिळते.

- बाकी १ असेल, तर वर्षात ६ मिळवावेत. उदाहरणार्थ, २०२५ नंतर २०३१.
- बाकी २ असेल, तर ११ मिळवावेत. उदाहरणार्थ, २०२६ नंतर २०३७.
- बाकी ३ असेल, तर ११ मिळवावेत. उदाहरणार्थ, २०२७ नंतर २०३८.
- बाकी शून्य असेल, म्हणजेच वर्ष लीप असेल, तर २८ मिळवावेत. उदाहरणार्थ, २०२८ नंतर २०५६.

मागचे जुळणारे वर्ष हवे असेल, तर बाकी ३ असताना ६, बाकी १ किंवा २ असताना ११ आणि लीप वर्षात २८ वजा करावेत. त्यानुसार २०२६ शी जुळणारे मागचे वर्ष २०१५ ठरते.

सहा आणि अकरा या आकड्यांमागील कारण साधे आहे. त्याच वारावर परत येण्यासाठी एकूण सरक सातच्या पटीत असावी लागते. २०२५ ते २०३१ या सहा वर्षांत सहा वार आणि २०२८ या एका लीप वर्षाचा एक अधिक वार, असे सात वार पुढे सरकतात. २०२६ ते २०३७ या अकरा वर्षांत २०२८, २०३२ आणि २०३६ अशी तीन लीप वर्षे येतात आणि एकूण सरक चौदा वारांची होते.

लीप वर्षांना अधिक काळ थांबावे लागते, कारण त्यांची जुळणी दुसऱ्या लीप वर्षाशीच होऊ शकते. एका लीप वर्षापासून पुढच्या लीप वर्षापर्यंत १ जानेवारीचा वार पाचाने सरकतो. पाचाची पट सातने नि:शेष भागली जाण्यासाठी सात टप्पे लागतात, आणि चार वर्षांचे सात टप्पे म्हणजे २८ वर्षे. तथापि लीप वर्षाची दिनदर्शिका दोन भागांत लवकर वापरता येते. २०२८ चे जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने, २९ तारीख सोडून, २०३३ शी जुळतात, तर मार्च ते डिसेंबर हे महिने २०३४ शी जुळतात.

नियम कोठे मोडतो

हा नियम १९०१ ते २०९९ या काळात बिनचूक चालतो, कारण या काळात दर चौथे वर्ष लीप आहे. शतकाचे शेवटचे वर्ष ४०० ने भागले जात असेल तरच ते लीप मानले जाते. त्यामुळे २००० लीप होते, परंतु १९०० नव्हते आणि २१०० नसेल. शोध घेताना मध्ये २१०० हे वर्ष आले की एक वार कमी सरकतो आणि वरील आकडे चुकतात. २०९७ ची सुरुवात मंगळवारी होईल. नियमाप्रमाणे सहा मिळवून २१०३ हे उत्तर येते, परंतु त्या वर्षाची सुरुवात सोमवारी आहे. २०९७ शी जुळणारे खरे वर्ष २१०९ आहे, म्हणजे अंतर बारा वर्षांचे. लीप वर्षांचे अंतरही या ठिकाणी बदलते. २०९६ ची दिनदर्शिका बारा वर्षांनी २१०८ मध्ये परत येईल, तर २०८० च्या दिनदर्शिकेला ४० वर्षे थांबून २१२० ची वाट पाहावी लागेल. अशा वेळी वार मोजत जाण्याची मूळ रीत वापरावी. ती कोणत्याही शतकात चुकत नाही.

वारांचा संपूर्ण क्रम ४०० वर्षांनी जसाच्या तसा परत येतो. ४०० ग्रेगोरियन वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात आणि ते बरोबर २०,८७१ आठवड्यांत बसतात.

भूतकाळात फार मागे जाताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ब्रिटन आणि त्याच्या ताब्यातील प्रदेशांत सप्टेंबर १७५२ पर्यंत ज्युलियन पद्धत चालू होती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची प्रचलित तारीख ६ जून १६७४ ही ज्युलियन पद्धतीची आहे, आणि तो दिवस शनिवार होता. आजच्या ग्रेगोरियन नियमाने मागे मोजत गेल्यास त्या तारखेला बुधवार येतो. गणित बरोबर असूनही वार चुकतो, कारण तारीख दुसऱ्या पद्धतीची असते. ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १६ जून १६७४ ठरतो आणि मग शनिवार जुळतो.

सण मात्र जुळत नाहीत

जुळणाऱ्या वर्षाची दिनदर्शिका वार सांगते, तिथी सांगत नाही. २०१५ आणि २०२६ या वर्षांचे वार तंतोतंत सारखे आहेत. तरीही गुढीपाडवा २०१५ मध्ये शनिवारी, २१ मार्चला होता आणि २०२६ मध्ये गुरुवारी, १९ मार्चला आहे. गणेश चतुर्थी १७ सप्टेंबरऐवजी १४ सप्टेंबरला येते, तर लक्ष्मीपूजन बुधवार, ११ नोव्हेंबरऐवजी रविवार, ८ नोव्हेंबरला. हे सण चंद्राच्या गतीवर आधारलेल्या महिन्यांनुसार ठरतात. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, आणि सौर वर्षाशी मेळ राखण्यासाठी मधूनमधून अधिक मास धरला जातो. रमजान ईद ज्या हिजरी कालगणनेनुसार येते तिच्यात अधिक मासही नसल्याने ती दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते.

म्हणूनच जुनी दिनदर्शिका पुन्हा वापरताना तिच्यावरील तारखा आणि वार विश्वासाने घ्यावेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर या ठरलेल्या तारखांच्या सुट्या त्याच वारी येतील. तिथी, सण, एकादशी आणि चंद्रोदय यांसाठी मात्र त्या वर्षाचे पंचांगच पाहावे लागेल.