विरळ हवेतलं बाळपण : प्रस्तावना

बेल्हे समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर आहे. आंबेगावच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचा डोंगर हजाराच्या आसपास जातो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर, आणि शिखरावर कुणी पाळणा बांधत नाही. मग विरळ हवेत वाढणाऱ्या मुलांच्या उंचीचा हा विषय जुन्नर-आंबेगावच्या वाचकाने का वाचावा? कारण डोंगरातली मुलं खुजी का, या प्रश्नाला ‘डोंगरच तसा’ हे सोपं उत्तर आपल्याकडेही मिळतं. ते किती खरं, हे मोजता येतं.

आधी हवेबद्दल. वर गेल्यावर हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण घटत नाही, दाब घटतो. समुद्रकाठी एका श्वासात मिळणाऱ्या प्राणवायूच्या तुलनेत बेल्ह्यात साधारण ९२ टक्के मिळतो, साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये जेमतेम ६५. त्याचा पहिला परिणाम गर्भात दिसतो. दर हजार मीटरमागे जन्माचं वजन सरासरी शंभरेक ग्रॅमने कमी भरतं. पुढची पहिली दोन वर्षं वाढीचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि तेव्हाचं नुकसान नंतर भरून निघणं अवघड. म्हणूनच मूल विरळ हवेत जन्मापासून आहे का, हे महत्त्वाचं. बेल्ह्याचा जवान विशीत लडाखला गेला तर त्याचं रक्त दाट होतं, उंची तीच राहते. त्याच्या हाडांची वाढणारी टोकं बहुधा मिटलेली असतात.

हे नुकसान सगळ्या शरीरात सारखं वाटलं जात नाही, हा मला या क्षेत्रातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. पेरूच्या डोंगराळ भागातल्या मुलांची मापं घेतली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आणि गुडघ्याखालची नडगी आखूड निघाली. डोकं, पंजे आणि पाऊल मात्र फारसे घटलेले नव्हते. तंगीत शरीर मेंदूला आधी देतं आणि नडगीची काटकसर करतं. पेरूतल्याच नुन्योआ भागात, चार हजार मीटरच्या वर, पॉल बेकर आणि रॉबेर्तो फ्रिसांचो यांनी १९६०च्या दशकात केचुआ लोकांचा अभ्यास केला. तिथली मुलं सावकाश वाढत, वयात येतानाची उसळी उशिरा व क्षीण येई, आणि उंची विशीपर्यंत थोडीथोडी वाढत राही. वाढीचा काळ लांबला तरी प्रौढ माणसं ठेंगणीच राहत. छाती मात्र रुंद. पुढे विल्यम लेनर्ड यांनी त्याच गावांकडे पाहिलं तेव्हा दिसलं की दोष एकट्या हवेचा नाही, ताटातल्या कमतरतेचा वाटाही मोठा आहे. तेव्हापासून हे क्षेत्र याच वादाभोवती फिरतं आहे.

आता हिशेब. काल्ले हिर्वोनेन आणि कलीब बाये यांनी २०२० साली ५९ देशांतल्या सुमारे नऊ लाख चौसष्ट हजार मुलांची मापं एकत्र पाहिली. गरिबी, आईचं शिक्षण वगैरे बाजूला काढल्यावर दर हजार मीटरमागे वयानुसार उंचीच्या गुणांकात सरासरी ०.१६ घट उरली. पाच वर्षांच्या मुलासाठी गुणांकाचा एक टप्पा म्हणजे सुमारे ४.६ सेंटिमीटर. बेल्हे ते भीमाशंकर हा फरक तीनशे मीटरचा, म्हणजे घट दोन मिलिमीटरांची. अंगणवाडीत मुलाची टाच जरा उचलली किंवा डोक्यावर अंबाडा राहिला तरी याहून मोठी चूक होते. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं न मोजता उभं मोजलं तर सात मिलिमीटर जातात. बेल्हे ते लेह हा फरक मात्र अठ्ठावीसशे मीटरचा; तिथे घट दोन सेंटिमीटरांवर जाते. पाच वर्षांच्या मुलाची मधली उंची ११० सेंटिमीटर, खुजेपणाची रेषा १००.७. दोन सेंटिमीटरांनी रेषेजवळचं मूल खाली जाऊ शकतं, पण दहा सेंटिमीटर मागे पडलेल्या मुलाच्या खुजेपणाचं कारण हवा असू शकत नाही.

हा हिशेब सरासरीचा आहे, एका मुलाचा नाही, आणि तो सरळ रेषा धरून केला आहे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची वाढ-प्रमाणकं ज्या मुलांवरून बनली (त्यांत दक्षिण दिल्लीचीही मुलं होती), त्यांत १५०० मीटरच्या वरच्या वस्त्या मुद्दाम वगळलेल्या होत्या. हिमोग्लोबिनच्या मर्यादेत गावाच्या उंचीनुसार दुरुस्ती करतात, मुलांच्या उंचीच्या तक्त्यात करत नाहीत. लेहसाठी वेगळा तक्ता हवा, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. उंच गावं बहुधा गरीब आणि दवाखान्यापासून दूर असतात. तक्ता खाली ओढला की त्यांची उपासमार हवामानाच्या नावावर जमा होते. भारतातल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही दोन हजार मीटरच्या वर खुजेपणाची जोखीम जास्त आढळली, पण तितक्या उंचीवरची मुलं त्या नमुन्यात एक टक्क्याहूनही कमी होती. पुढच्या प्रकरणांतला प्रत्येक आकडा वाचताना आधी पाहावं की तो किती मुलांवर उभा आहे, आणि त्यांची मापं आडवी घेतली होती की उभी.