बेसिल फॉल्टी चिडला की हसू का येतं? विनोदी पात्र घडवण्यामागचं गणित

गोष्ट आहे १९७० ची. ब्रिटनमधला ‘मॉन्टी पायथन’ हा विनोदी कलाकारांचा ग्रुप शूटिंगसाठी टॉर्की नावाच्या समुद्रकाठच्या गावात गेला आणि तिथल्या एका हॉटेलात उतरला. हॉटेलचा मालक इतका तुसडा होता की आलेलं गिऱ्हाईक म्हणजे त्याला कटकट वाटायची. त्या ग्रुपमधल्या जॉन क्लीझ यांना मात्र हा माणूस भारी सापडला.

पुढे क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी मिळून ‘फॉल्टी टॉवर्स’ ही मालिका लिहिली. १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, असे फक्त १२ भाग झाले. तरीही विनोदी लेखन शिकणारे लोक आजही हे १२ भाग परत परत बघतात. कारण हॉटेलमालक बेसिल फॉल्टी हे पात्र कसं बांधलंय, ते त्यात स्पष्ट दिसतं.

आधी खोड, मग जोक

विनोदी पात्र म्हणजे सारखे जोक मारणारं पात्र, असं आपल्याला वाटतं. बेसिल टोमणे भरपूर मारतो, पण हसू त्या टोमण्यांपेक्षा त्याच्या एका खोडीमुळे जास्त येतं. ती खोड म्हणजे खोटी प्रतिष्ठा. आपण उच्चभ्रू लोकांत शोभतो आणि आपलं कधीच चुकत नाही, हे त्याला जगाला दाखवायचंय.

ही एक खोड धरली की तो कुठे कसा वागेल हे आपोआप ठरतं. साध्या गिऱ्हाइकावर तो खेकसतो आणि बड्या माणसापुढे कमरेत वाकतो. बायको सिबिलपुढे चूक कबूल करायची नाही म्हणून खोटं बोलतो, आणि ते लपवायला दुसरं खोटं बोलतो.

पहिल्याच भागात हॉटेलात एक ‘लॉर्ड’ येतो. त्याच्यासाठी बेसिल जेवायला बसलेल्या लोकांना टेबलावरून उठवतो. तो लॉर्ड भामटा निघतो आणि मौल्यवान वस्तूंची म्हणून ठेवायला दिलेली त्याची बॅग उघडली तर आत विटा! आता हाच भामटा एखाद्या साध्या, समजूतदार मालकाकडे आला असता तर ती फसवणुकीची बातमी झाली असती. बेसिलकडे आला म्हणून विनोद झाला.

लिहिताना हीच चाचणी लावायची. तोच प्रसंग, तेच वाक्य दुसऱ्या पात्राला देऊन बघायचं. तरीही जोक तितकाच चालत असेल, तर तो त्या पात्राचा जोक नाही, नुसता चिकटवलेला आहे.

तीच गोष्ट पुन्हा, पण तशीच नाही

पुन्हा पुन्हा येणाऱ्या जोकला इंग्रजीत ‘रनिंग गॅग’ म्हणतात. बहुतेक भागांच्या सुरुवातीला हॉटेलची पाटी दिसते. आधी एखादं अक्षर वाकडं झालेलं असतं. पुढे तीच अक्षरं उलटसुलट होऊन ‘वॉटरी फाउल्स’सारखी भलतीच नावं तयार होतात. पाटी तीच असते, पण आज काय लिहिलंय हे बघायला प्रेक्षक थांबतो. शिवाय प्रतिष्ठेसाठी मरणाऱ्या माणसाच्या दारातच त्याची अब्रू लोंबकळत असते, म्हणजे हा जोकही त्याच खोडीवर बोट ठेवतो.

याहून पक्कं उदाहरण १९७९ च्या ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’ या भागात आहे. सिबिलने घोड्यांवर पैसे लावायला बंदी घातलीय. बेसिल गुपचूप पैसे लावतो आणि ७५ पौंड जिंकतो. हे बार्सिलोनाहून आलेला वेटर मॅन्युएलला माहीत असतं. त्याचं इंग्रजी कच्चं, पण मालकाचा शब्द तो जिवापाड पाळतो. म्हणून बेसिल त्याला बजावतो, की कोणी काही विचारलं तर मला काही माहीत नाही असं सांग.

नेमके त्याच वेळी एका गिऱ्हाईक बाईंचे पैसे हरवतात आणि बेसिलकडच्या पैशांवर संशय येतो. आता हे पैसे माझेच आहेत, असं सांगणारा साक्षीदार त्याला हवा असतो. तो मोठ्या आशेने मॅन्युएलला पुढे करतो आणि मॅन्युएल अभिमानाने सांगतो, की मला काही माहीत नाही!

वाक्य तेच आहे. पहिल्यांदा ते बेसिलला वाचवणार होतं, आता तेच त्याला बुडवतं. रनिंग गॅग चालतो तो असा. दर वेळी परिस्थिती बदलायला हवी आणि त्याची किंमत वाढायला हवी. वाक्यही तेच आणि परिस्थितीही तीच राहिली, तर तिसऱ्या-चौथ्या वेळी तो नुसता तकियाकलाम होतो. लोक ओळखीचं म्हणून हसतात, मग तेही बंद होतं.

थांबायचं कुठे?

टायमिंग म्हणजे भराभर बोलणं, हा दुसरा गैरसमज. ‘गुर्मे नाइट’ या भागात बेसिलने बड्या पाहुण्यांसाठी खास जेवण ठेवलंय. स्वयंपाकी दारू पिऊन पडलाय, म्हणून दुसऱ्या हॉटेलातून पदार्थ आणायला बेसिल स्वतः गाडी घेऊन पळतो. वाटेत गाडी बंद पडते. तो गाडीला विनवतो, धमकावतो, तीन आकडे मोजतो आणि तावातावाने निघून जातो.

कॅमेरा मात्र त्याच्यामागे जात नाही. पडद्यावर फक्त बंद पडलेली गाडी उरते. त्या काही क्षणांत प्रेक्षक विचार करतो, की हा गेला कुठे? तेवढ्यात बेसिल झाडाची फांदी घेऊन धावत येतो आणि गाडीला झोडपायला लागतो.

कॅमेरा त्याच्यासोबत गेला असता तर फांदी आधीच दिसली असती आणि जोक तिथेच संपला असता. रिकामी चौकट फार वेळ ठेवली असती, तर प्रेक्षक स्वतःच उत्तरापर्यंत पोचला असता. म्हणजे प्रश्न पडेपर्यंत थांबायचं आणि उत्तर सुचायच्या आत द्यायचं. आणि इथेही झोडपण्यामागे कारण तेच आहे, बड्या पाहुण्यांपुढे नाक कापलं जाण्याची भीती.

हे फसतं कधी?

खोड दाखवण्याच्या नादात पात्राला काही गमवायचंच ठेवलं नाही की फसतं. बेसिल उद्धट आहे, खोटारडा आहे. तरीही तो सहन होतो, कारण त्याच्या खोडीची शिक्षा शेवटी त्यालाच मिळते. घोड्यावर जिंकलेले पैसेही त्याच्याकडे राहत नाहीत. हाच माणूस दर वेळी सुटून गेला असता, तर तो नुसता त्रासदायक वाटला असता.

दुसरी चूक म्हणजे पात्राला शहाणं करून टाकणं. बेसिलला एकदा कळलं, की खरं बोललं तर सुटका होते, तर पुढचा भाग लिहायला काही उरतच नाही.

आपल्याकडे ‘अशी ही बनवाबनवी’मधल्या धनंजय मानेला हीच चाचणी लावून बघा. मधुमेहाच्या औषधासाठी घरमालकाकडून घेतलेले सत्तर रुपये परत करायचे नाहीत, म्हणून तो जागच्या जागी एका मित्राला मारून टाकतो. सिनेमा आला १९८८ मध्ये, पण त्या सत्तर रुपयांवरचे मीम्स आजही फिरतात. तेच उत्तर एखाद्या सरळमार्गी भाडेकरूच्या तोंडी घालून बघा, मजा निघून जाते. वेळ आली की थाप मारायची ही मानेची खोड आहे, आणि हसू येतं ते तिच्यामुळेच.