ट्रॅक्टरची संरक्षक चौकट (रोप्स)

ट्रॅक्टर उलटला तरी चालकाभोवती जगण्यापुरती जागा शिल्लक राहावी, यासाठी मागच्या धुऱ्याच्या आवरणाला बोल्टने घट्ट बसवलेली पोलादी चौकट. तिचे दोन खांबी, चार खांबी आणि केबिनमध्येच सामावलेली असे प्रकार आहेत. नव्या ट्रॅक्टरांवर ती बसवणे स्वीडनने 1959 साली सक्तीचे केले. भारतात मात्र अनेक ट्रॅक्टरांवर अजूनही फक्त उन्हापावसाची छत्री दिसते. ती छत्री म्हणजे रोप्स नव्हे. ट्रॅक्टरचा भार तिला पेलत नाही.

भिवंडी तालुक्यासारख्या भातपट्ट्यात ट्रॅक्टर उलटण्याचा धोका चिखलणीच्या वेळी समोर येतो. मागची चाके चिखलात रुतून अडकली की चालक पुढचा गिअर टाकून क्लच झटकन सोडतो. चाक फिरू शकत नाही, म्हणून इंजिनाचा जोर धुऱ्याभोवती ट्रॅक्टरलाच फिरवू लागतो आणि पुढची चाके उचलली जातात. सुटका व्हावी म्हणून चाकाला लाकूड बांधले, तर हा धोका आणखी वाढतो. पुढचा भाग एकदा उचलला की ट्रॅक्टर सेकंद-दीड सेकंदात मागे उलटू शकतो. तेवढ्यात उडी मारणे बहुधा जमत नाही. अशा वेळी चाकामागचा चिखल उपसून रिव्हर्समध्ये सावकाश बाहेर यावे, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावे. बांध ओलांडताना किंवा चराच्या कडेने जाताना ट्रॅक्टर बाजूला कलंडतो, तो वेगळा प्रकार.

दोन्ही प्रकारांत चौकट आधी जमिनीला टेकते. त्यामुळे ट्रॅक्टर पूर्ण कोलांटी घेण्याआधीच अनेकदा थांबतो. आघातात तिचे पोलाद थोडे वाकते आणि धक्का पचवते, पण चालकाच्या जागेत घुसत नाही. ओईसीडीच्या स्थिर चाचणीत हेच पाहतात. 2000 किलो संदर्भ-वस्तुमान धरले, तर बाजूने दाब देताना चौकटीने 3500 ज्यूल ऊर्जा शोषली पाहिजे आणि वरून 40,000 न्यूटनचा भार पेलला पाहिजे. म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या साधारण दुप्पट.

पट्टा बांधलेला नसेल, तर चालक या सुरक्षित जागेतून बाहेर फेकला जातो आणि चौकटीखालीच चिरडला जाऊ शकतो. म्हणून चौकट उभी असताना पट्टा हवाच. दुमडणारी चौकट फांद्यांसाठी खाली केली असेल, तर पट्टा बांधू नये, कारण ट्रॅक्टर उलटल्यावर चालक त्याच्याखाली जखडला जातो. काम होताच चौकट पुन्हा उभी करावी.

चौकटीला भोक पाडणे, वेल्डिंग करणे किंवा गावच्या फॅब्रिकेटरकडून पाइपची नक्कल बनवून घेणे घातक आहे. एकदा उलटल्यावर वाकलेली चौकट सरळ करून वापरू नये. त्या मॉडेलसाठी तपासलेली नवीच बसवावी.