लॉन्ड्रीला रिव्ह्यू देताना नेमकं काय पाहायचं?

लग्नाच्या पंगतीत पैठणीवर तुपाळ वरण सांडलं. साडी ड्रायक्लीनला दिली, चार दिवसांनी परत आली तरी पिवळा डाग तिथेच. आता दुकानाला एकच स्टार द्यायचा का? थांबा, आधी दोष कुणाचा ते पाहू.

ड्रायक्लीनिंगमध्ये कपडा ओला होतोच, फक्त पाण्याऐवजी रासायनिक द्रावकात. हे द्रावक तेल-तूप सहज विरघळवतं. सरबतातली साखर किंवा घामातलं मीठ मात्र त्यात विरघळत नाही, तिथे हाताने वेगळी प्रक्रिया करावी लागते. हळद तर मुळात रंगच आहे. म्हणजे वरणातलं तूप निघून गेलं आणि हळद राहिली, तर त्यात नवल नाही.

म्हणून डाग गेला की नाही, यापेक्षा काउंटरवर काय बोलणं झालं ते महत्त्वाचं. डाग कशाचा, किती दिवसांचा, घरी साबण लावला होता का, हे चांगला दुकानदार विचारतो. (साबणाने हळद लाल होते, म्हणून हा प्रश्न.) "हळद पूर्ण निघेलच असं नाही" हे तो साडी घेतानाच सांगतो. "सगळं निघेल" म्हणणाऱ्याचे स्टार मी तरी कापेन.

साडी परत घेताना दुकानातच उजेडात उलगडा. डागाच्या जागी पांढुरका, निस्तेज पट्टा दिसला तर रेशीम जोरात चोळलं गेलंय. रॉकेलसारखा वास आला तर द्रावक नीट वाळवलेलं नाही. हे दोन्ही दोष दुकानाचेच. उशिराचं म्हणाल तर डागावर काम सुरू आहे असा फोन करून एक दिवस जास्त घेतला, तर चालतं. न कळवता चकरा मारायला लावणं वेगळं.

खरी कसोटी साडी हरवली किंवा फाटली तर. पावतीवर बारीक अक्षरात 'भरपाई धुलाईच्या दहापट' अशी अट असू शकते. धुलाई ३०० रुपये असेल तर मिळणार ३,०००, साडी १२,००० ची असली तरी! पण अट छापली म्हणून विषय संपत नाही. पावती जपून ठेवा, आधी दुकानाला लेखी कळवा, नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. साडी देतानाच पावतीवर रंग, अंदाजे किंमत आणि आधीचे दोष लिहून घेतले असतील तर बाजू भक्कम होते.

आता रिव्ह्यू असा लिहिता येईल: "पैठणी, वरणाचा तीन दिवसांचा डाग. तूप निघालं, हळद फिकट राहिली, तसं आधीच सांगितलं होतं. जर शाबूत, वास नाही. एक दिवस उशीर, फोन आला होता. पावतीवर साडीची किंमत लिहायला मात्र नकार दिला."